पानं सारखीच, कुंडी कोणाची? हळद, आंबेहळद आणि आलं खणण्याआधी कसं ओळखायचं

आमच्याकडे ही अडचण दरवर्षी नवरात्राच्या सुमारास उगवते. मे महिन्यात हौसेने लावलेल्या कुंड्या पावसाळ्यात दाट हिरव्या होतात, काडीवर स्केचपेनने लिहिलेली नावं पहिल्या दोन पावसातच धुऊन जातात आणि ऑक्टोबरात अगाशीवर उभं राहून प्रश्न पडतो की यातली हळद कुठली, आंबेहळद कुठली आणि आलं कुठलं. मग कोणीतरी म्हणतं, "एक उपटून बघू." त्या एका उपटण्यात चार महिन्यांची वाढ वाया जाते, आणि उपटल्यावरही ओळख पटेलच असं नाही.

बडोद्यात हा गोंधळ जरा जास्तच होतो, कारण इथे थंडीत ओली हळद आणि आंबेहळद दोन्ही शेजारीशेजारी विकायला असतात. खंडेराव मार्केटात एका टोपलीत केशरी आणि दुसरीत पांढुरकी. भाजीवाल्या त्यांना "लीली हळदर" आणि "आंबा हळदर" म्हणतात. आपण पाव पाव किलो घेतो, लिंबाचा रस आणि मीठ घालून बरणी भरतो आणि उरलेले डोळे फुटलेले तुकडे कुंडीत खोचतो. आल्याचंही तेच. दुकानातून बी म्हणून आणलेलं काहीच नसतं, सगळं स्वयंपाकघरातून आलेलं. त्यामुळे पिशवीवरचं नाव वगैरे आधार नसतो.

तीन वर्षांपूर्वी मी डिसेंबरात एक कुंडी रिकामी केली. आतून फिकट, पिवळसर पांढरे गड्डे निघाले. फिकट म्हणजे आलं, असं समजून मी ते धुऊन फ्रीजमध्ये ठेवले आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहात किसून टाकले. ह्यांनी एक घोट घेतला आणि विचारलं, "आज चहात कैरी घातलीस का?" ती आंबेहळद होती. तेव्हापासून मी ओळखण्याचा क्रम ठरवून घेतला आहे. तो कागदावरचा नाही, चुका करत करत बसलेला आहे.

पहिली तपासणी: पानाला देठ आहे का

बहुतेक लोक पानाची रुंदी बघतात. रुंद पान हळदीचं, अरुंद पान आल्याचं. शेतातल्या पिकाला हे लागू पडतं. हळदीचं पान तळव्याएवढं किंवा त्याहून रुंद असतं आणि हातभर लांब होतं. आल्याचं पान दोन बोटं रुंद आणि वीतभर लांब, जवळजवळ बांबूच्या पानासारखं. पण कुंडीत खत कमी पडलं, सावली जास्त झाली किंवा एकाच बादलीत पाच कोंब दाटले, तर हळदीचं पान बारीक राहतं आणि रुंदीवरून फसगत होते. मला फोटो पाठवणाऱ्यांपैकी निम्मे लोक फक्त पानाच्या वरच्या भागाचा फोटो पाठवतात. त्यावरून मी उत्तर देत नाही.

बघायचं असतं ते पानाच्या खालच्या टोकाला. झाडाच्या मधल्या उंचीवरचं एक पूर्ण उघडलेलं पान धरा आणि बोट खाली सरकवत न्या. हळदीच्या पानाचं पातं संपतं आणि तिथून एक लांब, आतून पन्हाळीसारखा खोलगट देठ सुरू होतो. तो देठ थेट जमिनीपर्यंत जातो. सगळी पानं जणू एकाच जागेतून, मातीतून वर आली आहेत असं दिसतं. ती एकमेकांना कवटाळून खाली जाड बुंधा करतात, पण वर काठीसारखं खोड नसतं.

आल्याला असा देठ नसतो. तिथे बोरूसारखा बारीक, सरळ दांडा वर जातो आणि त्याला दोन्ही बाजूंना आळीपाळीने पानं चिकटलेली असतात. डावीकडे एक, उजवीकडे एक, पुन्हा डावीकडे. झाड समोरून बघितलं तर दुतर्फा कंगव्यासारखं सपाट दिसतं. पानाचा तळ दांड्याला थेट बसतो आणि पुढे दांड्याभोवती गुंडाळला जातो.

हळद आणि आलं वेगळं करायला एवढं एक लक्षण पुरतं. ते चार पानं उघडल्यानंतर भरवशाचं होतं. जूनमध्ये नुसता गुंडाळलेला भाल्यासारखा कोंब वर आलेला असतो, तेव्हा घाई करू नये. आल्याच्या कोवळ्या कोंबाच्या तळाशी बहुधा गुलाबी छटा असते, पण तेवढ्यावर मी कुंडीचं नाव लिहिणार नाही.

सगळ्यात खालची दोन पानं सोडून द्यायची. ती आखूड आणि अर्धवट असतात आणि हळदीतही त्यांचा देठ नीट दिसत नाही.

आल्यासारखं दिसतं, पण आलं नाही

देठ नाही, दुतर्फा पानं आहेत, म्हणजे आलंच, असं धरून चाललं तर एक पाहुणा निसटून जातो. तो म्हणजे सोनटक्का. बडोद्यातल्या जुन्या मराठी वाड्यांच्या मागल्या अंगणात तो हमखास असायचा आणि त्याचे गड्डे एका घरातून दुसऱ्या घरात जातात. जमिनीखालचा गड्डा आल्यासारखाच बोटाबोटांचा, वासही आल्याच्या जवळपासचा. माझ्या वहिनीने मला "घरचं आलं" म्हणून जे आणून दिलं ते सोनटक्काच होतं. तिला तिच्या शेजारणीने दिलेलं होतं.

फरक पानाच्या पाठीला कळतो. सोनटक्क्याच्या पानाच्या मागे हात फिरवला की बारीक मऊ लव जाणवते आणि पान चार बोटं किंवा त्याहून रुंद असतं. आल्याचं पान मागून गुळगुळीत लागतं. शिवाय आल्याचा दांडा कुंडीत गुडघ्याच्या जरा वर थांबतो, तर सोनटक्का कमरेपर्यंत आणि त्याच्याही वर जातो. ऑगस्टनंतर टोकाला पांढरी सुवासिक फुलं आली तर प्रश्नच मिटला. आल्याला कुंडीत फूल क्वचितच येतं, आणि आलंच तर पानाच्या दांड्यावर नाही, जमिनीतून निघालेल्या वेगळ्या आखूड दांडीवर येतं.

हळदीच्या बाजूला असा पाहुणा म्हणजे कर्दळ. गौरी-गणपतीत आमच्या आत्याला पातोळ्यांसाठी हळदीची पानं हवी होती. तिच्या नातवाने खाली जाऊन सोसायटीच्या बागेतून रुंद, हिरवीगार पानं कापून आणली. पातोळ्या उकडून झाल्यावर झाकण काढलं तर वासच नाही! कर्दळीला खरं उभं खोड असतं आणि पानं त्या खोडावर वेगवेगळ्या उंचीवर येतात. त्याहून सोपं म्हणजे पानाचा नखाएवढा तुकडा चुरडून नाकाशी धरणं. हळदीच्या पानाला वास येतोच. कर्दळीच्या पानाला गवताखेरीज कसलाही वास नसतो.

आणि पानाच्या मधल्या शिरेजवळ लांब जांभळट-तपकिरी पट्टा दिसला तर ती रोजच्या वापरातली हळद नाही. काळ्या हळदीच्या आणि कचोऱ्याच्या पानावर तसा पट्टा असतो. नवं पान बघावं, त्यात तो स्पष्ट दिसतो. अशा कुंडीतलं काही भाजीत घालू नये.

हळद की आंबेहळद: इथे पान उपयोगाचं नाही

हे स्पष्टच सांगायला हवं. या दोघींची पानं इतकी सारखी असतात की घरच्या कुंडीत नुसत्या पानावरून त्या वेगळ्या करता येत नाहीत. दोघींना लांब देठ, दोघींचं पान रुंद, दोघी जमिनीतून झुपक्याने येतात. "आंबेहळदीचं पान जरा फिकट असतं" असं मलाही पूर्वी वाटायचं. पण फिकट पान कमी खतामुळेही येतं. म्हणून इथे मातीत बोट घालावं लागतं.

ते कधी घालायचं, हा पहिला प्रश्न. मेअखेर लावलेल्या हळदीला सप्टेंबरच्या मध्यापर्यंत बाजूची बोटं, म्हणजे पुढे ज्यांची हळकुंडं होतात ती, धरायला लागतात. त्याआधी उकरलं तर हाताला फक्त लावलेला जुना तुकडा लागतो, आणि तो सुरकुतलेला असल्याने आतला रंग मळकट दिसतो. माझी वेळ ठरलेली आहे. पाऊस ओसरल्यावर आणि दिवाळीच्या आधी. दिवाळीनंतर पानं पिवळी पडू लागतात आणि मग पानांची साक्ष संपते.

उकरायचं कुंडीच्या कडेने. झुपक्याला धक्का न लावता, कडेपासून आत बोटाने चार-पाच सेंटिमीटर माती बाजूला करायची. खुरपं वापरू नये, गड्डा कापला जातो. एखादं बोट उघडं पडलं की ते बाहेर काढायचं नाही, जागेवरच ओल्या कापडाने पुसायचं आणि साल नखाने तांदळाच्या दाण्याएवढी खरवडायची.

हळद असेल तर आत गडद केशरी-पिवळा रंग दिसतो आणि नख दोन दिवस पिवळं राहतं. आंबेहळद असेल तर आत मलईसारखा पांढुरका रंग, फार तर मध्ये फिकट पिवळी झाक, आणि वास थेट कच्च्या कैरीचा. हा वास एवढा स्पष्ट असतो की एकदा ओळखल्यावर रंगाकडे बघावंही लागत नाही. सर्दी झाली असेल त्या दिवशी मात्र हे काम दुसऱ्याला सांगावं.

इथे एक फसवी जागा आहे आणि मी तिथे पडलेली आहे. हळकुंडाचं वाढतं टोक हळदीतही पांढुरकं असतं. कोवळ्या टोकावर नख लावलं तर फिकट दिसतं आणि हळदीला आंबेहळद ठरवलं जातं. म्हणून टोक सोडून, बोट जिथे मधल्या जेठ्या गड्ड्याला जोडलेलं असतं त्या बाजूला खरवडावं. तिथला भाग जुना असतो आणि रंग भरलेला असतो.

तरीही शंका राहिली तर चुना आहे. पानाच्या ठेल्यावरून चिमूटभर ओला चुना आणायचा. खरवडलेल्या जागेवर पांढरा कागद दाबून डाग घ्यायचा आणि त्या डागाला चुना लावायचा. हळदीचा पिवळा डाग लगेच लालसर तपकिरी होतो. हळदीतला पिवळा रंग, कुर्कुमिन, खाराच्या संपर्कात लाल होतो आणि पूर्वी घरोघरी कुंकू याच गुणावर बनायचं. आंबेहळदीत हा रंग फारच थोडा, त्यामुळे तिचा डाग जेमतेम बदलतो. आल्याचा डाग तर मुळात पिवळाच पडत नाही.

तपासून झालं की कोरडी माती परत लोटायची आणि दोन दिवस त्या कुंडीला पाणी द्यायचं नाही. खरवडलेल्या जागी ओल राहिली तर तिथूनच कूज सुरू होते.

आलं की आंबेहळद: खणून झाल्यावरचा घोटाळा

माझ्या चहातली चूक ही या जातीची. झाड उभं असतं तर देठ बघून एका मिनिटात कळलं असतं, पण मी पानं आधीच कापून टाकली होती आणि हातात होते नुसते फिकट गड्डे.

आकार बघायचा. आल्याचा गड्डा दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखा चपटा असतो आणि त्याचे फाटे एकाच पातळीत पसरतात, उघड्या पंजासारखे. टेबलावर ठेवला तर आडवा नीट बसतो. आंबेहळदीला हळदीसारखाच मध्ये गोलसर, अंडाकृती जेठा गड्डा असतो आणि त्याच्या सगळ्या बाजूंनी गोल बोटं फुटलेली असतात. टेबलावर तो डगमगतो. सालीवर जवळजवळ आडवी वलयं दोन्हीकडे दिसतात, पण आंबेहळदीत ती जास्त नियमित आणि उठून दिसणारी असतात.

मग मोडून बघायचं. जून आलं मोडलं की कडेला दोऱ्यासारखे तंतू निघतात आणि वास नाकात झोंबतो. आंबेहळद कच्च्या बटाट्यासारखी कट्कन तुटते आणि कैरीचा वास देते. चाखायची वेळ क्वचितच येते, आणि कुठला गड्डा आहे याची खात्री नसताना चाखू नये. पावसाळ्यात कुंपणावर फुलणाऱ्या कळलावीचे कंदही जमिनीतच असतात आणि ते विषारी आहेत. तिच्या पानाचं टोक वेलीच्या ताणासारखं वळलेलं असतं, एवढं लक्षात ठेवलं तरी ती वेगळी काढता येते.

गेल्या वर्षीच्या नऊ बादल्या

प्रत्यक्षात हे कसं चालतं ते सांगते. रंगाच्या रिकाम्या बादल्या, प्रत्येकी वीस लिटरच्या, तळाला भोकं पाडून मी नऊ लावल्या होत्या. माझ्या हिशेबाने चार आल्याच्या, तीन हळदीच्या आणि दोन आंबेहळदीच्या. सप्टेंबरअखेर एकाही काडीवर अक्षर उरलेलं नव्हतं.

पहिल्या फेरीत फक्त देठ बघितला आणि बादल्या हलवून दोन रांगा केल्या. चार बिनदेठाच्या, पाच देठाच्या. हिशेब जुळला, पण तेवढ्यावर थांबले नाही. दुसऱ्या फेरीत बिनदेठाच्या चारींच्या पानांमागे हात फिरवला. तीन गुळगुळीत, एक लव असलेली आणि बाकीच्यांपेक्षा हातभर उंच. ती वहिनीची. ती उचलून जिन्यापाशी ठेवली, पंधरा दिवसांत फुललीसुद्धा.

तिसऱ्या फेरीत पाच देठाच्या बादल्या कडेने उकरल्या. दोन ठिकाणी नख लगेच केशरी झालं. दोन ठिकाणी पांढुरका रंग आणि कैरीचा वास. पाचव्या बादलीत रंग फिकट पिवळा, कैरीचा वास मात्र नाही. रंगावर गेले असते तर आंबेहळद लिहिलं असतं. पण वास जुळत नव्हता. पुन्हा बघितलं तर मी बोटाच्या टोकावरच नख मारलं होतं. दोन पेरं मागे सरकून खरवडलं, केशरी. चुन्याने डाग लाल झाला. तिसरी हळद सापडली.

या सगळ्याला एक सकाळ लागली. त्यातला निम्मा वेळ बादल्या हलवण्यात गेला.

एक गोष्ट मात्र मी तेव्हा चुकले आणि ती जानेवारीत कळली. हळदीच्या एका बादलीत कोपऱ्यात आल्याचा एक झुपका होता. माती आदल्या वर्षीचीच वापरलेली, तिच्यात आल्याचा एक तुकडा राहून गेला होता आणि हळदीच्या रुंद पानांखाली त्याचे बारीक दांडे दिसलेच नाहीत. त्यामुळे आता मी एका बादलीतला प्रत्येक झुपका वेगळा तपासते.

पानं वाळून गेली असतील तर

जानेवारीत मला विचारणारेही बरेच असतात. पानं सुकून पडली की काम अवघड होतं, अशक्य नाही. मातीलगतचा खुंट बघा. हळदीचा आणि आंबेहळदीचा खुंट अंगठ्याएवढा किंवा जास्त जाड असतो, कांद्यासारखे पापुद्रे एकावर एक. आल्याचा खुंट पेन्सिलीएवढा बारीक, वाळलेल्या गवताच्या काडीसारखा. त्यापुढे हळद की आंबेहळद हे पुन्हा नखाने आणि नाकाने.

पण पानं केव्हा पिवळी पडली हेही विचारा. डिसेंबर-जानेवारीत, सगळी पानं टोकापासून सावकाश पिवळी पडत असतील तर झाड तयार होतं आहे. ऑगस्टमध्ये भर पावसात एकच झुपका पिवळा पडला, दांडा हलक्या हाताने ओढताच तळापासून सुटून आला आणि खाली घाण वास आला, तर ती गड्डेकूज आहे. ती काढणीची खूण समजून बाकीची कुंडी तशीच ठेवू नका. सडलेला भाग मातीसकट बाहेर काढा, कुंडीचं पाणी निचरतं का ते बघा आणि त्या मातीत पुढच्या वर्षी आलं-हळद लावू नका.

आणि मधेच उगवलेली मिरची

मिरचीला गड्डा नसतो, त्यामुळे ती या यादीत कशी आली असं वाटेल. ती येते खतातून. ओल्या कचऱ्याचं खत घातलं की हळदीच्या बादलीत मिरची, टोमॅटो, वांगं यांची रोपं आपोआप उगवतात. कामोणीही येते. लोक एकतर सगळं तण म्हणून उपटतात, नाहीतर सगळं मिरची म्हणून जपतात.

पहिलं खरं पान उघडेपर्यंत थांबा. मिरचीचं पान साधं, कडा अखंड, टोकाला निमुळतं आणि चकचकीत असतं. त्यावर आणि खोडावर लव जवळजवळ नसते. टोमॅटोचं पहिलंच खरं पान कातरलेलं येतं आणि हाताला त्याचा उग्र वास लागतो. वांग्याचं पान करडं, खरखरीत आणि कडेने नागमोडी. कामोणी सगळ्यात फसवी, कारण लहानपणी तिचं पान मिरचीसारखंच दिसतं. तिच्या पानाच्या कडेला हलके दाते किंवा लाटा असतात आणि चकाकी कमी असते. फुलावर येईपर्यंत ठेवली तर शंका उरत नाही. मिरचीचं पांढरं फूल फांद्यांच्या बेचक्यात बहुधा एकटं, मान खाली घालून येतं. कामोणीची फुलं बारीक, चार-पाचच्या घोसात, मध्ये पिवळी चोच.

चुरडामुरडा लागलेल्या रोपावर मात्र पानाच्या आकाराचा भरवसा धरू नका. फुलकिड्यांनी पानाच्या कडा वर वळतात, कोळ्यांनी खाली, आणि दोन्ही वेळा पान आखूड, सुरकुतलेलं होतं. अशा वेळी खालची, रोग लागण्याआधीची पानं बघावीत.

ती मिरची तिखट लवंगी निघेल की भावनगरी, हे पानावरून सांगता येत नाही. भोपळी मिरचीचं पान जरा मोठं असतं, पण खत जास्त मिळालेल्या साध्या मिरचीचंही तसंच होतं. पहिलं फळ धरेपर्यंत वाट बघायची. हळदीच्या सावलीत ती फळ धरणारही नाही. चार-पाच पानांवर असताना संध्याकाळी मातीच्या गोळ्यासकट उचलून उन्हातल्या कुंडीत हलवा.

नावं टिकवण्यासाठी

स्केचपेन आणि बॉलपेन दोन्ही पावसात जातात. साधी शिसपेन्सिल टिकते. दह्याच्या डब्याची प्लास्टिकची पट्टी कापून, तिच्यावर पॉलिश पेपर एकदा घासून पेन्सिलीने लिहिलेलं नाव मी जानेवारीत वाचलेलं आहे. एक पट्टी कडेला वर दिसेल अशी आणि दुसरी तेच नाव लिहून मातीत आत, तळाशी. मुलं वरची उपटतात, आतलीपर्यंत कोणी पोहोचत नाही.

बियाण्याचे तुकडे ठेवताना तिन्ही वेगळ्या जाळीच्या पिशव्यांत ठेवते आणि पिशवीत चिठ्ठी टाकते. एप्रिलपर्यंत तिन्हींच्या साली सुकून सारख्याच मातकट होतात, तेव्हा वरून बघून काहीच कळत नाही. आणि लावण्याआधी जुनी माती चाळून घेते. गेल्या मेमध्ये चाळणीत आल्याचे सात तुकडे निघाले, त्यातले दोन हिरवे डोळे धरलेले. ते लावले आहेत, पट्टीवर "आलं, चाळणीतलं" असं लिहून.